'कवितेचा सूर उदास आहे' एवढ्यावर गुण का जातो?

अपठित कवितेची उत्तरे तपासताना एक वाक्य मला सतत भेटते : 'कवितेचा सूर उदास आहे.' पुढे पूर्णविराम, आणि लिहिणारा पुढच्या प्रश्नाकडे गेलेला. बहुतेक वेळा हे उत्तर चूक नसते. कविता खरोखरच उदास असते. तरीही दोन गुणांच्या प्रश्नात त्याला एकच गुण मिळतो, कधी तोही नाही, आणि पेपर हातात आल्यावर 'पण मी बरोबरच तर लिहिलं होतं' असे ऐकू येते. ते म्हणणे प्रामाणिक असते. म्हणूनच तो गेलेला गुण नेमका कुठे गेला, हे एका कवितेवर बोट ठेवून दाखवायचे आहे.

तपासणाऱ्याच्या जागी बसून पाहा. 'उदास' हा शब्द कविता वाचून लिहिता येतो, तसाच न वाचताही लिहिता येतो. पाऊस, म्हातारपण, रिकामे घर असले काही दिसले की अंदाजाने ठोकून देण्यासारखा तो शब्द आहे. उत्तर वाचणाऱ्याला कळायला हवे की तुम्ही अंदाज केलेला नाही, तुम्हाला दिसले आहे. त्यासाठी उत्तरात तीन गोष्टी याव्या लागतात : सुराचे किंवा प्रतिमेचे नाव, कवितेतला तो शब्द, आणि त्या शब्दाने तिथे काय केले ते. पहिली गोष्ट जवळजवळ सगळे लिहितात, दुसरी निम्मे लिहितात. तिसरी सुटते, आणि गुण तिथेच असतो.

आता कविता. ही या लेखापुरतीच लिहिली आहे, म्हणजे ती कुणीच आधी वाचलेली नसेल आणि खऱ्या अर्थाने अपठित राहील.

दाराआड लटकते
बाबांची काळी छत्री,
मिटलेल्या पंखांच्या
म्हाताऱ्या वटवाघळासारखी गप्प.

तिची एक काडी मोडलेली,
मुठीवर बोटांची झीज;
दर पावसाळ्यात म्हणते आई,
'टाकून द्या ती अडगळ.'

आज पहिली सर आली
पत्र्यावर बोटं वाजवत,
आणि आईनंच हळूच उघडली छत्री
घरातल्या घरात,
जणू कुणाला तरी
भिजू द्यायचं नव्हतं तिला.

प्रश्न तीन आहेत असे धरू. पहिला : कवितेचा सूर कोणता आहे ते कवितेच्या आधारे स्पष्ट करा. दुसरा : पहिल्या कडव्यातील छत्रीची प्रतिमा समजावून सांगा. तिसरा : शेवटच्या कडव्यात सूर कसा बदलतो?

सुरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. 'झालं तुझं?' हे दोनच शब्द घ्या. काळजीने विचारले तर त्यांचा अर्थ 'दमलास का' असा होतो. वैतागून विचारले तर 'किती वेळ लावतोस' असा होतो. शब्द तेच राहिले, बोलणाऱ्याची वृत्ती बदलली. बोलणारा ज्या गोष्टीबद्दल बोलतो तिच्याकडे तो कोणत्या वृत्तीने पाहतो, ते म्हणजे सूर. समोर माणूस असला की ती वृत्ती आवाजातून कळते. कागदावर आवाज नसतो, म्हणून कवी तेच काम शब्दांच्या निवडीवर, ओळीच्या लांबीवर आणि कधी एखाद्या 'च'वर सोपवतो. सूर शोधायचा म्हणजे ही कामाला लावलेली माणसे शोधायची.

विषय आणि सूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच पक्के करून घ्या. छत्री, आई, पाऊस, बाबांची आठवण हा विषय झाला. 'कवितेचा सूर बाबांच्या आठवणीचा आहे' असे वाक्य वाचायला बरे वाटते, पण त्यात सूर नाही, विषयच पुन्हा सांगितला आहे. आठवण हसत काढता येते, रागाने काढता येते, गहिवरून काढता येते. यापैकी इथे काय आहे, एवढेच प्रश्न विचारतो आहे. लिहिलेले उत्तर तपासायला एक सोपी खूण आहे. सुरासाठी निवडलेल्या शब्दाच्या पुढे 'आवाजात' हा शब्द जोडून पाहा. 'हळव्या आवाजात', 'उपरोधिक आवाजात', 'वैतागलेल्या आवाजात' हे चालते. 'आठवणीच्या आवाजात' चालत नाही. जे चालत नाही तो बहुधा विषय असतो.

दुसरा घोळ आवाज कुणाचा याचा. या कवितेतला सर्वात कडक शब्द 'अडगळ' आहे. घाईत वाचणारा तो उचलतो आणि लिहितो, 'कवितेचा सूर तिरस्काराचा आहे, कारण छत्रीला अडगळ म्हटले आहे.' शब्द कवितेतला आहे आणि कारणही दिले आहे, पण उत्तर चुकले. 'अडगळ' हा शब्द आईचा आहे. तो अवतरणचिन्हांत आहे आणि त्याच्या आधी 'म्हणते आई' असे स्पष्ट आहे. कविता सांगणारा आवाज वेगळा आहे. तो बहुधा घरातल्या मुलाचा किंवा मुलीचा असावा, कारण तो 'बाबा' आणि 'आई' म्हणतो. हा आवाज आईचा शब्द आपल्याला ऐकवतो, पण तिच्यासारखे बोलत नाही. तेव्हा पेपरात 'कवितेचा सूर' विचारला असेल तर सांगणाऱ्या आवाजाचा सूर लिहायचा, आणि 'आईच्या बोलण्याचा सूर' विचारला असेल तर आईचा. प्रश्नातला हा एक शब्द अधोरेखित करायला दोन सेकंद लागतात.

मग सांगणाऱ्या आवाजाचा सूर कोणता? त्याचे शब्द पाहा. छत्री 'गप्प' आहे. मुठीवर 'झीज' आहे. आई छत्री 'हळूच' उघडते. संपूर्ण कवितेत रडणे नाही, 'दुःख' हा शब्द नाही, 'अरेरे' नाही, एक उद्गारचिन्हसुद्धा नाही. वाक्ये लहान आहेत आणि त्यांत फक्त जे दिसते ते सांगितले आहे. तरी वाचून झाल्यावर घशाशी काहीतरी येते. म्हणजे भावना आहे, पण ती आवरून धरलेली आहे. मी याला 'संयत आणि हळवा' सूर म्हणेन. कुणी 'शांत, पण व्याकूळ' म्हटले तरी मला मान्य आहे. 'शोकाकुल' मात्र इथे बसत नाही, कारण शोकाकुल माणूस मोडलेली काडी मोजत नाही.

शब्द बसतो की नाही हे ठरवायला मी मुलांना अदलाबदल करायला सांगते. कवितेतला एक शब्द काढायचा, त्याच जागी त्याच अर्थाच्या आसपासचा दुसरा घालायचा आणि ओळ मनात वाचायची. 'वटवाघळासारखी गप्प' ऐवजी 'वटवाघळासारखी भेसूर' म्हणून पाहा. लगेच भीती आली. 'वटवाघळासारखी मेलेली' म्हणून पाहा. आता घृणा आली, शिवाय सगळे संपून गेले. 'गप्प' मध्ये भीती नाही आणि शेवटही नाही. ज्याच्याजवळ बोलण्यासारखे आहे पण जो बोलत नाही, त्यालाच आपण गप्प म्हणतो. ही अदलाबदल केल्यावर जो फरक जाणवला, तोच उत्तरातला तिसरा धागा असतो. तो वेगळा सुचवावा लागत नाही, फक्त लिहून काढावा लागतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता असे होईल :

'या कवितेचा सूर संयत आणि हळवा आहे. बाबांच्या छत्रीचे वर्णन करताना कवितेतील आवाज कुठेही दुःखाचा थेट उल्लेख करत नाही. तो तिला 'गप्प' म्हणतो आणि मुठीवरची 'बोटांची झीज' दाखवतो. 'गप्प' या शब्दातून न बोललेली भावना जाणवते, तर 'झीज' या शब्दातून बाबांच्या हाताचा अनेक वर्षांचा स्पर्श अजून तिथे असल्याचे सूचित होते, म्हणून सूर शांत असूनही हळवा वाटतो.'

चार वाक्ये झाली. पहिल्यात नाव, मधल्या दोन वाक्यांत पुरावा, चौथ्यात पुराव्याचे काम. पहिले वाक्य प्रश्नातूनच उचलले आहे, हेही पाहा. 'कवितेचा सूर कोणता आहे' मधला 'कोणता' काढला आणि तिथे उत्तर ठेवले, की वाक्य आपोआप पूर्ण होते. पूर्ण वाक्याचा आग्रह केवळ शिस्तीसाठी धरला जातो असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. 'संयत, कारण गप्प' एवढेच लिहिले तर 'कारण' हा शब्द तिथे असतो, पण कारण नसते. क्रियापद घालायला बसलात की 'गप्प या शब्दातून काय जाणवते' हा प्रश्न टाळताच येत नाही. वाक्य तुम्हाला विचार पुरा करायला लावते.

या उत्तरात आणखी एक काळजी घेतली आहे. 'बाबा वारले आहेत' असे कुठेही लिहिलेले नाही, कारण कविता तसे म्हणत नाही. बाबा दूर गेले असतील, घर सोडून गेले असतील, वारलेही असतील. कवितेत फक्त त्यांची छत्री आहे, ते नाहीत. जे ओळीत लिहिले आहे त्यासाठी 'आहे' वापरा. जे ओळींमधून आपण ताडतो त्यासाठी 'सूचित होते', 'जाणवते', 'असावे' ही क्रियापदे वापरा. 'बाबा आता घरात नाहीत असे सूचित होते' हे वाक्य कुणी खोडू शकत नाही. 'बाबांच्या मृत्यूमुळे आई दुःखी आहे' हे वाक्य तपासणारा सहज खोडेल, आणि त्याचे बरोबरच असेल.

दुसरा प्रश्न प्रतिमेचा. प्रतिमा म्हणजे शब्दांनी इंद्रियांपुढे उभे केलेले काही : दिसणारे, ऐकू येणारे, स्पर्शाला, वासाला किंवा चवीला जाणवणारे. अलंकार आणि प्रतिमा एकच नव्हेत, हे मात्र विसरू नका. 'मुठीवर बोटांची झीज' या ओळीत कोणताही अलंकार नाही, तुलना नाही, तरी ती या कवितेतली फार प्रभावी प्रतिमा आहे. गुळगुळीत झालेली मूठ डोळ्यांना दिसते आणि तळहातालाही जाणवते. उलट 'वटवाघळासारखी' मध्ये उपमा आहे आणि प्रतिमाही आहे.

आणि इथेच गुण सांडतात. 'पहिल्या कडव्यात उपमा अलंकार आहे, कारण सारखी हा शब्द आला आहे.' व्याकरणाच्या पेपरात हे उत्तर पूर्ण असेल. साहित्याच्या पेपरात ही फक्त चिठ्ठी चिकटवणे झाले. डब्यावर नाव लिहिले, झाकण उघडलेच नाही. प्रश्न 'प्रतिमा समजावून सांगा' असा असेल तर दोन गोष्टींत साम्य काय आणि कवीने हीच गोष्ट का निवडली, हे सांगायला हवे.

मिटलेली काळी छत्री आणि वटवाघूळ यांतले साम्य मोजून पाहू. दोन्ही काळी आहेत आणि दोन्ही उलटी लटकतात. वटवाघळाच्या पंखात लांब हाडे असतात आणि त्यांवर पातळ कातडे ताणलेले असते, तसेच छत्रीच्या काड्यांवर कापड. दोन्ही मिटतात. इथपर्यंत बहुतेक जण पोहोचतात. पण कवीला फक्त काळे आणि लटकणारे हवे असते तर कोट चालला असता. वटवाघूळ जिवंत असते. ते मिटलेले आहे म्हणजे झोपलेले आहे, आणि झोपलेले कधीतरी पंख उघडते. 'मिटलेल्या' हा शब्दच 'उघडण्या'ची शक्यता बाळगून आहे, आणि अकराव्या ओळीत ती छत्री खरोखर उघडली जाते. म्हणजे पहिल्या कडव्यातली प्रतिमा शेवटच्या कडव्याची तयारी करत होती. त्यात 'म्हाताऱ्या' हे विशेषण वय सांगते आणि 'गप्प' हा शब्द दिसणाऱ्या चित्राला ऐकू येणारी, किंवा खरे तर ऐकू न येणारी, बाजू देतो. छत्री बोलत नाहीच, पण तिला 'गप्प' म्हटले की ती बोलू शकली असती असे वाटू लागते. निर्जीवाला असे सजीवपण दिले की तिथे चेतनगुणोक्ती आहे असे आपण म्हणतो. नाव आठवले तर लिहा. आठवले नाही तर 'छत्रीला सजीव मानले आहे' असे सरळ लिहा, अर्थ तोच पोहोचतो.

एवढे सगळे दिसले तरी सगळे लिहायचे नसते. दोन गुणांना एक प्रतिमा, तिची दोन अंगे, बस.

'पहिल्या कडव्यात दाराआड लटकणाऱ्या काळ्या छत्रीला 'मिटलेल्या पंखांच्या म्हाताऱ्या वटवाघळा'ची उपमा दिली आहे. काळा रंग, लटकणे आणि काड्यांवर मिटलेले कापड यांमुळे हे दृश्य डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र वटवाघूळ जिवंत असते आणि त्याचे मिटलेले पंख उघडू शकतात. त्यामुळे जुनी छत्री निरुपयोगी वस्तू न वाटता झोपी गेलेल्या जिवासारखी वाटते, आणि 'गप्प' या शब्दामुळे तिच्यात काहीतरी न बोललेले दडले आहे असे जाणवते.'

यात 'मात्र' पासून पुढची दोन्ही वाक्ये काढून टाका आणि उत्तर पुन्हा वाचा. राहिलेले बरोबर आहे, पण ते फक्त छत्री कशी दिसते एवढेच सांगते. गेलेला गुण असा डोळ्यांनी दिसतो.

प्रतिमांच्या बाबतीत एक शोध मला नेहमी सुखावतो, तो म्हणजे पुन्हा आलेला शब्द. अपठित कविता लहान असते, साधारण पंधरा-वीस ओळींची. एवढ्या थोड्या जागेत एखादा शब्द दोनदा आला तर तो सहसा उगाच आलेला नसतो. इथे 'बोटं' दोनदा येतात. सहाव्या ओळीत मुठीवर बाबांच्या 'बोटांची झीज' आहे आणि दहाव्या ओळीत पावसाची सर 'पत्र्यावर बोटं वाजवत' येते. दुसरी प्रतिमा नादाची आहे, थेंबांचा टपटप आवाज बोटांनी वाजवल्यासारखा ऐकू येतो. पण आधीची बोटे आपल्या लक्षात असतात, म्हणून या आवाजात कुणीतरी दारावर आल्याचा भास मिसळतो. आई छत्री का उघडते, याचे उत्तर त्या आवाजात आहे. पहिल्या वाचनात हे दिसत नाही. म्हणून लिहायला सुरुवात करण्याआधी कविता दोनदा वाचायची : एकदा नुसती, आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, पुन्हा आलेल्या शब्दांवर आणि अनपेक्षित शब्दांवर खूण करत. यात तीन-चार मिनिटे जातात आणि ती पुढे लिहिताना वसूल होतात.

तिसरा प्रश्न बदलाचा. 'सूर कसा बदलतो' असे विचारले की उत्तरात दोन टोके आणि मधले वळण, तिन्ही लागतात. नुसते 'शेवटी सूर भावुक होतो' म्हटले तर बदल सांगितला जात नाही, फक्त शेवट सांगितला जातो. वाक्याचा सांगाडा 'आधी अमुक होता, या शब्दापाशी वळतो, नंतर तमुक होतो' असा ठेवा.

वळण शोधायला जोडणारे शब्द पाहायचे. 'पण', 'तरी', 'आज', 'आता', 'आणि' असल्या शब्दांपाशी कविता अनेकदा कूस बदलते. इथे दुसऱ्या कडव्यात 'दर पावसाळ्यात' आहे आणि तिसरे 'आज'ने सुरू होते. दर वेळी होणाऱ्या गोष्टीकडून आज एकदाच घडलेल्या गोष्टीकडे आपण आलो. 'दर पावसाळ्यात' मध्ये आणखी एक मजकूर लपला आहे. आई छत्री टाकायला दर वर्षी सांगते, याचाच अर्थ छत्री एकाही वर्षी टाकली गेलेली नाही. आईचा कडकपणा तेव्हाही पुरता खरा नव्हता. मग येतो 'आईनंच' मधला 'च'. 'आईनं उघडली' असे असते तर ती एक साधी कृती झाली असती. 'आईनंच' म्हटल्यावर 'जी टाकून द्या म्हणत होती, तिनेच' हा सगळा विरोध त्या एका अक्षरात मावतो. मराठीत अशी अक्षरे कवीच्या फार कामी येतात : 'च', 'ही', 'तरी', 'ना'. उत्तरात त्यांच्याकडे बोट दाखवायला अजिबात संकोचू नका. लांबलचक समासापेक्षा एक 'च' जास्त गुण मिळवून देऊ शकतो.

आणि 'हळूच'. हळू म्हणजे सावकाश, पण हळूच म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये असे. छत्री उघडली तीही 'घरातल्या घरात', जिथे पाऊस नाही. छत्रीचे नेहमीचे काम तिथे नाहीच, तेव्हा ती उघडण्याचे कारण पाऊस नव्हे, माणूस आहे. पण तो माणूस कोण, हे कविता शेवटपर्यंत सांगत नाही. 'कुणाला तरी' एवढेच म्हणते.

'दुसऱ्या कडव्यात आईच्या 'टाकून द्या ती अडगळ' या शब्दांमुळे सूर कोरडा आणि व्यवहारी वाटतो. तिसऱ्या कडव्यात 'आज' या शब्दापासून सूर वळतो आणि मायेचा, व्याकूळ होतो. छत्री टाकायला सांगणारी 'आईनंच' ती 'हळूच' उघडते. 'च'मुळे तिच्या बोलण्यातला आणि वागण्यातला विरोध ठळक होतो, तर 'हळूच'मुळे ती आपली माया लपवत असल्याचे जाणवते.'

तीन गुणांचा प्रश्न असेल तर 'घरातल्या घरात' वर आणखी एक वाक्य घाला. दोन गुणांचा असेल तर हे पुरते.

लिखाणाच्या दोन बारकाव्यांवर थोडे. कवितेत 'बोटं', 'द्यायचं', 'आईनंच' अशी बोलण्यातली रूपे आहेत. ती अवतरणात जशीच्या तशी ठेवायची, दुरुस्त करायची नाहीत. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र 'बोटे', 'आईने' असे प्रमाण लेखन ठेवा. दुसरे म्हणजे कवितेतला शब्द वाक्यात बसवताना त्याला उगाच प्रत्यय लावून वाकवू नका. ''झीज'तून जाणवते' यापेक्षा ''झीज' या शब्दातून जाणवते' हे सरळ आणि वाचायला सोपे. अख्ख्या चार ओळी उतरवून काढण्यात तर काहीच हशील नाही. तपासणाऱ्यासमोर कविता असतेच. दोन-तीन शब्दांचा तुकडा पुरतो, कारण तुकडा छोटा असला की तुमची नजर नेमकी कशावर होती हे दिसते.

सर्वनामांचाही घोटाळा बराच होतो. 'त्यामुळे ती एकटी वाटते' असे वाक्य आले की मी थांबते. ती म्हणजे कोण? छत्री, आई की सर? या कवितेत तिन्ही स्त्रीलिंगी आहेत. शंका असेल तिथे नाम पुन्हा लिहा. भाषेच्या कानाला थोडे खटकले तरी चालेल.

राहिला शेवटचा, आणि मुलांना सर्वात जास्त छळणारा प्रश्न : माझा शब्द उत्तरपत्रिकेच्या नमुन्यातल्या शब्दाशी जुळला नाही तर? मागे एका वर्गात याच धाटणीच्या कवितेवर एका मुलीने लिहिले होते की शेवटच्या कडव्याचा सूर 'दिलासा देणारा' आहे. बाकी बहुतेकांनी 'दुःखी' लिहिले होते. मला आधी ते चूकच वाटले. मग मी तिचे पुढचे वाक्य वाचले. तिने लिहिले होते की कवितेतील स्त्री इतकी वर्षे जी भावना दाबून होती ती पहिल्यांदाच कृतीतून बाहेर येते, त्यामुळे वाचणाऱ्याला मोकळे वाटते, आणि त्या कृतीचा नेमका शब्द तिने अवतरणात दिला होता. मी पूर्ण गुण दिले. तिचा शब्द माझ्या मनातला नव्हता, पण पुरावा कवितेतलाच होता आणि तो तिच्या शब्दाला धरून होता. त्याच वर्गात एकाने 'आनंदी' लिहिले होते, कारण 'पाऊस आला की सगळ्यांना आनंद होतो'. त्याला गुण देता आला नाही. त्याचे कारण पावसातून आले होते, कवितेतून नाही.

छत्रीच्या कवितेलाही हीच मोजपट्टी लावता येते. 'शेवटच्या कडव्याचा सूर दिलासा देणारा आहे' असे कुणी लिहिले, तर पुढच्या वाक्यात 'भिजू द्यायचं नव्हतं' हे शब्द यायला हवेत, आणि नसलेल्या माणसाचीही काळजी घेता येते हे त्या शब्दांतून कसे जाणवते ते यायला हवे. ते वाक्य लिहून होत असेल तर तुमचा शब्द टिकतो. लिहायला बसल्यावर कवितेतला एकही शब्द मदतीला येत नसेल, तर सुराचे नाव खोडून दुसरे शोधा. पेन्सिलीच्या खुणा समोर असतातच.